अकरा जणांची रांग आणि माझी चूक

मागच्या महिन्यात या सदरात एक कोडं दिलं होतं. त्याचं उत्तर मी छापलं ते अर्धंच होतं, आणि त्या अर्ध्या उत्तराच्या जोरावर एका मुलीचं बरोबर उत्तर मी चुकीच्या यादीत टाकलं. ती वडोदऱ्याची, नववीत शिकणारी. तिचं दोन ओळींचं पत्र आलं: "दादा, माझं उत्तर चूक का आहे ते सांगा. मी अकराही जण तपासले, कुणाचंच बिघडत नाही." मी बसून तपासलं. खरंच कुणाचंच बिघडत नव्हतं. तेव्हा या वेळी नवीन विषय बाजूला ठेवतो आणि त्याच कोड्याकडे नीट परत जातो. माझं चुकलं कुठे हे समजलं की कोडं जास्त चांगलं समजतं, असा मला तरी अनुभव आला.

ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी कोडं पुन्हा सांगतो. एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. खरी माणसं नेहमी खरं बोलतात, लबाड नेहमी खोटं बोलतात. दिसायला सगळी सारखी. बेटावरची अकरा माणसं एका ओळीत उभी आहेत आणि प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो: "माझ्या शेजारी बरोब्बर एक लबाड आहे." शेजारी म्हणजे लगेच डावीकडचा आणि लगेच उजवीकडचा. टोकाच्या दोघांना अर्थातच एकेकच शेजारी. तर या ओळीत लबाड किती, आणि कोण कोण?

अशा बेटाची कोडी जगभर पोहोचवली ती रेमंड स्मलियन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञानं (१९१९–२०१७). त्याचं १९७८ सालचं 'व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?' हे पुस्तक या कोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. माणूस प्राध्यापक होता, जादूगार होता आणि पियानोही वाजवायचा. त्याच्या कोड्यांत बहुतेक वेळा दोन-तीनच माणसं असतात आणि ती एकमेकांबद्दल गुंतागुंतीचं काहीतरी बोलतात. आपल्या कोड्यात उलटं आहे. वाक्य साधं, पण माणसं पुष्कळ.

पहिली अडचण अशी की कुणाच्याही वाक्यावरून थेट काहीच कळत नाही. मधला एखादा उचला, समजा सहावा. तो म्हणतो, शेजारी एक लबाड. तो खरा असेल तर पाचवा आणि सातवा यांच्यातला एक लबाड, पण कुठला ते माहीत नाही. तो लबाड असेल तर आणखी वेगळंच. मधून सुरुवात केली तर दोन्ही बाजूंना फाटे फुटत जातात. म्हणून टोकापासून सुरुवात करायची. टोकाच्या माणसाला एकच शेजारी असल्यानं तिथे फाटा फुटायला जागाच नाही.

पहिला माणूस खरा आहे असं धरू. तो म्हणतोय की शेजारी एक लबाड आहे, शेजारी एकटा दुसराच, म्हणून दुसरा लबाड. आता दुसऱ्याचं वाक्य बघा. तो लबाड आहे, म्हणजे "बरोब्बर एक लबाड" हे त्याचं म्हणणं खोटं आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण आलेल्या उत्तरांपैकी बरीच नेमकी इथेच घसरली होती. "एक" हे खोटं म्हणजे "दोन", असं पुष्कळांनी धरलं. तसं नाही. "बरोब्बर एक" खोटं असेल तर एकही नसेल किंवा दोन्ही असतील. आईनं विचारलं, डब्यात एकच लाडू उरलाय का, आणि तुम्ही खोटं बोलून "हो" म्हणालात, तर डब्यात दोन असतील किंवा डबा रिकामा असेल. खोटं बोलणारा आपल्याला खरा आकडा सांगत नाही, फक्त एक आकडा बाद करतो.

पण गंमत अशी की इथे तेवढं पुरतं. लबाडाचे दोन शेजारी, त्यांत लबाड शून्य किंवा दोन. म्हणजेच दोन्ही शेजारी एकाच प्रकारचे. आणि खऱ्या माणसाच्या शेजारी लबाड नेमका एक, म्हणजे दोन शेजारी वेगवेगळ्या प्रकारचे. झालं, नियम हातात आला. मधला खरा असेल तर त्याचे शेजारी वेगळे, मधला लबाड असेल तर त्याचे शेजारी सारखे. एक माणूस आणि त्याच्या आधीचा एवढे माहीत असले की पुढचा आपोआप ठरतो, कुठेही "किंवा" शिल्लक राहत नाही.

खऱ्याला ख आणि लबाडाला ल म्हणू. पहिला ख, दुसरा ल. दुसरा लबाड, म्हणून त्याचे शेजारी सारखे, पहिला ख म्हणून तिसराही ख. तिसरा खरा, म्हणून त्याचे शेजारी वेगळे, दुसरा ल म्हणून चौथा ख. चौथा खरा, तिसरा ख, म्हणून पाचवा ल. असं अकराव्यापर्यंत नेलं की ओळ अशी होते:

ख ल ख ख ल ख ख ल ख ख ल

शेवटचा अकरावा लबाड ठरला. त्याला एकच शेजारी, दहावा, आणि तो ख. म्हणजे अकराव्याच्या शेजारी लबाड शून्य, तो म्हणतोय एक, म्हणजे खोटं बोलतोय. लबाडाकडून तेच अपेक्षित आहे. कुठेही विसंगती नाही. लबाड चार: दुसरा, पाचवा, आठवा, अकरावा. हे उत्तर मी छापलं.

माझी चूक या शेवटच्या पायरीतच झाली. पहिला खरा धरून मी शेवटपर्यंत गेलो, काही बिघडलं नाही, आणि मी पेन खाली ठेवलं. पण काही बिघडलं नाही याचा अर्थ एवढाच की ही मांडणी शक्य आहे. ती एकमेव आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी पहिला लबाड धरून पुन्हा शेवटपर्यंत जावं लागतं आणि ते कुठेतरी मोडावं लागतं. मी ते केलंच नाही. कामाच्या ठिकाणी कुणी एकच टेस्ट केस चालवून "चालतंय" म्हणालं तर मी त्याला परत पाठवतो. घरी मात्र स्वतःच तेच केलं.

तर आता करू. पहिला लबाड. तो म्हणतो शेजारी एक लबाड, ते खोटं, म्हणून दुसरा लबाड नाही, दुसरा खरा. दुसरा खरा, म्हणून त्याचे शेजारी वेगळे, पहिला ल म्हणून तिसरा ख. तिसरा खरा, दुसरा ख, म्हणून चौथा ल. चौथा लबाड, तिसरा ख, म्हणून पाचवा ख. पुढे असंच:

ल ख ख ल ख ख ल ख ख ल ख

शेवटचा अकरावा ख, त्याचा शेजारी दहावा ल. तो म्हणतो एक लबाड, आणि खरोखर एक आहे. हेही बसलं! लबाड पहिला, चौथा, सातवा आणि दहावा. वडोदऱ्याच्या पत्रात हेच उत्तर होतं.

दोन्ही मांडण्यांत लबाड चारच आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे "किती" या प्रश्नाचं उत्तर नक्की आहे, "कोण कोण" याचं नाही. मी दोन्ही विचारले होते, तेव्हा कोड्याची मांडणीच सदोष होती. त्या महिन्यात दोन्हीपैकी कुठलंही एक उत्तर पाठवलेल्या सगळ्यांची नावं आता बरोबरच्या यादीत घेतली आहेत.

मी क्षमा मागणारं पत्र पाठवलं, त्याला तिचं उत्तर आलं. त्यात एक युक्तिवाद होता जो मला सुचला नव्हता, आणि तो इतका छोटा आहे की मी दोनदा वाचला. ती म्हणते, दादा, सगळे तेच वाक्य बोलतायत. मग तुम्ही ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिलात तरी कोडं तेच राहतं. म्हणून तुमचं उत्तर उलटीकडून वाचलं तर तेही बरोबर असलंच पाहिजे.

बस, एवढंच. दुसरा, पाचवा, आठवा, अकरावा हे उलटीकडून मोजलं की दहावा, सातवा, चौथा, पहिला होतात. माझं उत्तर आणि तिचं उत्तर म्हणजे आरशातली जोडी. माझं उत्तर स्वतःच्या प्रतिबिंबासारखं दिसत नाही एवढं पाहिलं असतं तरी दुसरं उत्तर आहे हे मला काही न तपासता कळलं असतं.

आता स्वाभाविक प्रश्न असा की ओळीत अकराऐवजी दहा किंवा बारा जण असते तर? दहा घेऊन बघू. पहिला खरा धरला तर ख ल ख ख ल ख ख ल ख ख. शेवटचा दहावा ख, शेजारचा नववाही ख. दहावा खरा असून म्हणतोय शेजारी एक लबाड आहे, आणि तो तर नाही. मोडलं. म्हणून पहिला लबाडच हवा: ल ख ख ल ख ख ल ख ख ल. दहावा ल, नववा ख, त्याचं म्हणणं खोटं, बरोबर. एकच उत्तर, लबाड चार, आणि ते उलटीकडून वाचलं तरी तेच राहतं. बारा जण असतील तर उलट होतं. पहिला लबाड धरला की शेवटी दोन ख शेजारी येतात आणि मोडतं, पहिला खरा धरला की बसतं. तिथेही लबाड चारच. म्हणजे मी कोडं दहा किंवा बारा जणांचं दिलं असतं तर माझी अर्धी तपासणी निभावली तरी असती किंवा पहिल्याच फटक्यात उघडी पडली असती. नेमके अकरा घेतले.

हे असं का होतं ते बघण्याची एक फार सुटसुटीत वाट आहे. ओळीतले कुठलेही लागोपाठचे तीन जण घ्या. मधला खरा असेल तर त्याच्या दोन शेजाऱ्यांत लबाड एक, म्हणून तिघांत एकूण एक. मधला लबाड असेल तर शेजाऱ्यांत शून्य किंवा दोन, त्यात तो स्वतः मिळवला की एक किंवा तीन. दोन्ही वेळा तिघांतल्या लबाडांची संख्या विषम. म्हणजे त्या लांबलचक कोड्याचं सार एवढंच निघालं: कुठल्याही सलग तिघांत विषम लबाड.

आता सलग चौघे घ्या. पहिल्या तिघांत विषम, शेवटच्या तिघांत विषम. मधले दोघे दोन्हीकडे मोजले जातात. म्हणून चौघांतला पहिला आणि चौथा एकाच प्रकारचे असलेच पाहिजेत. ओळीत दर तिसरा माणूस सारखा येतो तो यामुळे. नमुना तीनाच्या घरात फिरतो, आणि म्हणून माणसांच्या संख्येला तीनानं भागल्यावर काय उरतं त्यावर सगळं अवलंबून असतं.

टोकांचं काय? ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक मुका खरा माणूस उभा आहे अशी कल्पना करा. तो काही बोलत नाही, फक्त जागा भरतो. खरा असल्यामुळे लबाडांच्या मोजणीत त्याचा काही फरक पडत नाही, पण आता टोकाच्या माणसांनाही दोन शेजारी मिळाले आणि त्यांना वेगळा नियम लागत नाही. डावीकडचा मुका माणूस शून्य क्रमांकाचा. दर तिसरा सारखा, म्हणून तिसरा, सहावा, नववा हे सगळे खरे. दोन्ही मांडण्या वर जाऊन बघा, तिसरा, सहावा, नववा दोन्हीत ख आहेत. आता उजवीकडचा मुका. अकरा जणांच्या ओळीत त्याचा क्रमांक बारा. बारा तीनानं भाग जाणारा, म्हणजे तो तसाही खराच येणार होता. त्यानं आपल्याला नवीन काहीच सांगितलं नाही, आणि म्हणून दोन्ही उत्तरं जिवंत राहिली. दहा जणांच्या ओळीत त्याचा क्रमांक अकरा. तो खरा म्हणजे आठवा, पाचवा, दुसरा खरे, म्हणून पहिला लबाड. बारा जणांच्या ओळीत त्याचा क्रमांक तेरा, तो खरा म्हणजे दहावा, सातवा, चौथा, पहिला खरे. सगळं त्या उजव्या मुक्या माणसानं ठरवलं.

हे सगळं कागदावर बरं दिसतं, पण एकदा हात पोळले असल्यानं या वेळी मी यंत्रालाही विचारलं. अकरा जणांच्या मांडण्या एकूण २०४८. संगणकाला ते काहीच नाही. पुढच्या पायथॉनमध्ये ० म्हणजे खरा, १ म्हणजे लबाड, आणि टोकांना जे ० जोडलेत ते आपले मुके खरे.

```python
from itertools import product

def solve(c):
    n = len(c)
    for p in product([0, 1], repeat=n):
        q = (0,) + p + (0,)
        if all((q[i] + q[i+2] == c[i]) == (p[i] == 0)
               for i in range(n)):
            print(p)

solve([1] * 11)
```

यात `c` ही प्रत्येकानं सांगितलेल्या आकड्यांची यादी. ज्याचं म्हणणं खरं तोच ०, असं सगळ्यांच्या बाबतीत जुळलं तरच मांडणी छापली जाते. चालवलं की दोनच ओळी येतात, एक माझी, एक तिची. हा प्रोग्रॅम पडताळणीपुरता ठीक. तीस माणसांना तो वापरू नका, मांडण्या १०७ कोटींवर जातात. पहिल्या माणसावरून पुढे जाण्याच्या आपल्या रीतीला तीस काय, तीन लाख माणसं असली तरी ओळीवरून दोनच फेऱ्या माराव्या लागतात.

आता प्रत्येकानं वेगळा आकडा सांगितला तर? सहा जणांची ओळ घ्या. डावीकडून ते अनुक्रमे सांगतात: एक, एक, शून्य, एक, दोन, एक. म्हणजे तिसरा म्हणतो माझ्या शेजारी लबाडच नाही, पाचवा म्हणतो माझे दोन्ही शेजारी लबाड.

पहिला खरा धरा. दुसरा ल. दुसरा लबाड असून "एक" म्हणतो, म्हणून शेजारी सारखे, तिसरा ख. पण तिसरा खरा असून म्हणतो शेजारी लबाड नाही, आणि दुसरा तर ल. मोडलं, आणि तेही तिसऱ्यावरच. पहिला लबाड धरा. दुसरा ख, तिसरा ख. तिसऱ्याचं "शून्य" खरं, म्हणून चौथाही ख. चौथा खरा असून "एक" म्हणतो, तिसरा ख आहे, म्हणून पाचवा ल. आता पाचवा. तो लबाड असून "दोन" म्हणतो. त्याच्या डावीकडचा ख आहे, म्हणजे सहावा कुणीही असला तरी दोन होत नाहीत. त्याचं म्हणणं कसंही खोटंच आहे, आणि त्यामुळे सहाव्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही.

साखळी तुटते ती इथे. "एक" म्हणणाऱ्या लबाडाकडून माहिती मिळत होती, कारण शून्य आणि दोन यांतून शेजारी सारखे एवढं तरी निघत होतं. "दोन" म्हणणारा लबाड म्हणजे शून्य किंवा एक, "शून्य" म्हणणारा लबाड म्हणजे एक किंवा दोन, आणि यांतून कधी कधी पुढच्याबद्दल काहीही निघत नाही. अशा जागी दोन्ही फाटे चालू ठेवायचे. सहावा ल धरला तर तो "एक" म्हणतो आणि त्याचा शेजारी पाचवा ल आहेच, म्हणजे लबाड खरं बोलला. मोडलं. सहावा ख धरला तर बसतं. उत्तर: ल ख ख ख ल ख. पहिल्याच्या चाचणीनं पाचव्यापर्यंत आणलं, शेवटचं काम सहाव्याच्या स्वतःच्या वाक्यानं केलं.

लांब ओळीत असे फाटे खूप झाले तर घाबरायचं कारण नाही. पुढे जाताना सगळी जुनी ओळ लक्षात ठेवावी लागत नाही, फक्त शेवटचे दोघे. आणि दोघांचे प्रकार चारच: ख ख, ख ल, ल ख, ल ल. प्रत्येक पायरीवर या चारांपैकी कोणते अजून जिवंत आहेत एवढं लिहून पुढे जायचं. दोन वेगळे फाटे पुढे कुठे एकाच जोडीवर आले की तिथून ते एकच. म्हणून फाटे कितीही फुटले तरी कागदावर एका वेळी चारपेक्षा जास्त रकाने लागत नाहीत.

काही वाक्यांपुढे मात्र पहिल्याची चाचणी अगदीच निष्प्रभ असते. दहा जण गोल उभे आहेत आणि प्रत्येक जण म्हणतो "माझे दोन्ही शेजारी लबाड आहेत", असं धरा. दोन खरे शेजारी येऊ शकत नाहीत आणि तीन लबाड सलग येऊ शकत नाहीत, एवढंच त्यातून निघतं. म्हणून दोन खऱ्यांच्या मध्ये एक किंवा दोन लबाड. त्यात खरे पाचही बसतात आणि चारही. इथे "किती" हासुद्धा प्रश्न विचारून चालत नाही.

आणि गोलाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या मूळ वाक्याचं गोलात काय होतं ते बघा. दहा जण, प्रत्येक जण "शेजारी बरोब्बर एक लबाड" म्हणतो. ओळीत चार लबाड होते: पहिला, चौथा, सातवा, दहावा. आता हीच ओळ वाकवून दोन टोकं जोडा. पहिला आणि दहावा शेजारी आले, दोघेही लबाड. पहिल्याच्या एका बाजूला दहावा ल, दुसऱ्या बाजूला दुसरा ख. म्हणजे त्याच्या शेजारी खरोखरच एक लबाड आला, आणि लबाड असून तो खरं बोलून बसला. मांडणी मोडली. गोलाला टोक नाही, त्यामुळे एकट्या पहिल्याची चाचणी करून दुसरा ठरत नाही. सुरुवातीचे दोघे धरावे लागतात, म्हणजे चार चाचण्या. जपानच्या अॅटकोडर या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावर २०१७ साली 'मेनॅजरी' नावाचा प्रश्न आला होता. त्यात खरं बोलणाऱ्या मेंढ्या आणि खोटं बोलणारे लांडगे गोलात उभे असतात, आणि प्रत्येकाला विचारलेलं असतं, तुझे दोन शेजारी एकाच जातीचे आहेत का? आपल्या "एक" या वाक्याचाच हा दुसरा वेष. प्राणी एक लाखापर्यंत, आणि सोडवायची रीत हीच, पहिले दोन धरायचे आणि चार फेऱ्या मारायच्या.

आपल्या दहा जणांसाठी मात्र चार फेऱ्याही नकोत. दर तिसरा सारखा हा नियम गोलातही चालतो. पहिल्यापासून तीन तीन पावलं टाकत जा: पहिला, चौथा, सातवा, दहावा, मग तिसरा, सहावा, नववा, मग दुसरा, पाचवा, आठवा, आणि परत पहिला. सगळे दहा झाले. म्हणजे सगळे एकाच प्रकारचे. सगळे खरे असतील तर शेजारी एकही लबाड नाही, वाक्य खोटं पडतं. म्हणून सगळे दहा लबाड. प्रत्येकाच्या शेजारी दोन लबाड, आणि प्रत्येक जण म्हणतोय एक.

या महिन्याचं कोडं यावरूनच. बारा जण गोल उभे आहेत, प्रत्येक जण म्हणतो "माझ्या शेजारी बरोब्बर एक लबाड आहे". माणसांना एक ते बारा क्रमांक दिलेले आहेत. लबाड कोण कोण असू शकतात, अशा सगळ्या मांडण्या लिहून पाठवा. एक सापडली की थांबू नका. या वेळी यादी तपासायला मी वडोदऱ्याच्या आमच्या वाचक मुलीला विनंती केली आहे आणि ती हो म्हणाली आहे.